संस्कृतीकरण : जानवं घालून जात वर चढते का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संस्कृतीकरण म्हणजे संस्कृत शिकणं का?

नाही. नावामुळे हा घोळ नेहमीच होतो. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी 1952 साली कूर्गमधल्या कोडव लोकांवरच्या आपल्या पुस्तकात ही कल्पना मांडली. म्हैसूरचे श्रीनिवास मुंबई विद्यापीठात घुर्यांच्या हाताखाली शिकले आणि पुढे ऑक्सफर्डला गेले. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : एखादी खालची मानली गेलेली जात आपलं खाणंपिणं, विधी, पेहराव, देव आणि लग्नाच्या चाली बदलून वरच्या, बहुधा द्विज म्हणजे जानव्याचा हक्क असलेल्या जातींसारख्या करते आणि मग एकदोन पिढ्यांनी ‘आम्ही मुळात वरचेच’ असा दावा सांगते.

या व्याख्येतला ‘एकदोन पिढ्यांनी’ हा भाग सहसा नजरेतून सुटतो. एका माणसाने मांसाहार सोडला तर तो त्याचा वैयक्तिक नेम होतो. संस्कृतीकरण अख्खी जात करते, किंवा जातीचा एखादा मोठा तुकडा तरी करतो. ते खरं ठरलं की नाही हे शेजारी ठरवतात.

म्हणजे ब्राह्मणांची नक्कल?

श्रीनिवासांनी सुरुवातीला ‘ब्राह्मणीकरण’ असाच शब्द वापरला होता. पुढे तो त्यांना तोकडा वाटला, कारण नक्कल नेहमी ब्राह्मणांचीच होते असं नाही. गावात जमीन, माणसं आणि लाठी ज्यांच्या हातात असते तीच जात पुष्कळदा नमुना ठरते. अनेक जाती क्षत्रियत्वाचा दावा सांगत आल्या आहेत. त्यात मांस सोडायची सक्ती नाही आणि वंशावळीत एखादा राजा बसवता येतो.

अनुकरणाचा मुद्दा त्याआधीही मांडला गेला होता, हे इथे सांगायला हवं. डॉ. आंबेडकरांनी 1916 साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात जातींचा प्रसार अनुकरणातून कसा होतो हे दाखवलं होतं. त्यांचा प्रश्न मात्र वेगळा होता. श्रीनिवास विचारत होते की जात वर कशी सरकते, तर आंबेडकर विचारत होते की या नकलेतून जातींची कुंपणं कशी उभी राहिली.

एखादं ठोस उदाहरण सांगा.

दिवाळीत आपण जे फटाके उडवतो त्यातले बहुतेक तमिळनाडूतल्या शिवकाशीचे असतात. हा धंदा तिथे मुख्यतः नाडर समाजाने उभा केला. त्यांचीच गोष्ट घेऊ, कारण या मार्गाची सगळी वळणं तिच्यात आहेत, आणि शेवटी मार्ग सोडून देणंही.

एकोणिसाव्या शतकात या लोकांना ‘शाणार’ म्हणत. तिरुनेलवेलीच्या आणि त्रावणकोर संस्थानाच्या दक्षिण भागातल्या रेताड जमिनीत ताडाच्या झाडावर चढायचं, रस काढायचा, तो उकळून गूळ करायचा, हा बहुतेकांचा धंदा होता. ताडीशी संबंध आल्यामुळे त्यांना अस्पृश्यांच्या जरासंच वरचं, पण देवळाबाहेरचं स्थान होतं. त्रावणकोरात त्यांना छत्री, पायताण आणि सोन्याचे दागिने वापरायची बंदी होती. बाईने पाण्याची घागर कमरेवर घ्यायची नाही, घराला दुसरा मजला चढवायचा नाही, असे नियम होते.

त्यांच्यातले काही जण ताडगूळ विकता विकता व्यापारी झाले आणि उत्तरेला रामनाड भागात शिवकाशी, विरुदुनगर, अरुप्पुकोट्टै अशा गावांत स्थिरावले. रस्ते सुरक्षित नव्हते म्हणून त्यांनी ‘पेट्टै’ बांधल्या. पेट्टै म्हणजे भिंतीने बंदिस्त केलेलं आवार. आत विहीर, माल ठेवायला जागा, बैलगाड्या सोडायची सोय. आत येणाऱ्या व्यापाऱ्याने मालावर ठरावीक रक्कम द्यायची. या वर्गणीला ‘महमै’ म्हणत. ती सगळी जातीच्या सामाईक खजिन्यात जायची आणि जातपंचायत तिचा हिशेब ठेवायची. त्या पैशातून देवळं, विहिरी आणि पुढे शाळा झाल्या. विरुदुनगरला 1889 साली महमैवर शाळा निघाली. तिचं नाव ठेवलं ‘क्षत्रिय विद्याशाळा’. घराघरातून मूठमूठ तांदूळ गोळा करूनही शाळेचा खर्च भागवला जाई.

शाळेच्या नावातच दावा होता. या व्यापारी नाडरांनी जानवं घातलं, ब्राह्मणी पद्धतीने धोतर नेसायला सुरुवात केली, प्रेत पुरण्याऐवजी जाळू लागले. आपण पांड्य राजांचे वंशज, मूळचे राज्यकर्ते, कालौघात पदच्युत झालेले क्षत्रिय, असं सांगणाऱ्या पुस्तिका छापल्या. ‘शाणार’ हे नाव नको, ‘नाडर’ म्हणा, असा आग्रह धरला.

मग ते जानव्यामुळे वर गेले की पैशामुळे?

परीक्षेत हा प्रश्न विचारला की विद्यार्थी ‘दोन्हीमुळे’ लिहून मोकळे होतात. पण क्रम बघा. आधी पेट्टै, मग महमै, मग शाळा आणि जवळपास त्याच सुमारास जानवं. खालच्या ताडाच्या रानात झाडावर चढणारा नाडर त्याच जातीचा होता, तरी त्याच्या अंगावर जानवं दिसत नव्हतं. तो चढला, गूळ केला, विकला, आणि महमै भरण्याइतकी शिल्लक त्याच्या हाती कधी उरलीच नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे : संस्कृतीकरणाने वर चढता येत नाही, आधीच मिळवलेल्या उंचीवर त्याने दावा सांगता येतो. पैसा आला आणि मान आला नाही, ही विसंगती ज्यांना टोचते तेच जानवं शोधतात. श्रीनिवासही आर्थिक आणि राजकीय बळाचा संबंध मान्य करत होते, पण त्यांचं लक्ष विधींकडे जास्त गेलं, असा आक्षेप त्यांच्यावर घेतला गेला. तो मला पटतो.

दावा मान्य झाला की नाही हे कसं ओळखायचं?

जातीने स्वतःबद्दल काय छापलंय त्यावरून नाही. रोजच्या व्यवहारातल्या काही जागा बघायच्या. यांच्या हातचं पाणी कोण पितं, शिजवलेलं अन्न कोण खातं. न्हावी आणि परीट यांच्या घरी येतात का. लग्नाला भटजी येतो का, आणि आला तर कोणत्या दर्जाचा. वरात कोणत्या रस्त्याने जाते. आणि देवळात कुठल्या पायरीपर्यंत जाता येतं.

नाडरांचं गाडं या शेवटच्या जागेवर अडलं.

देवळात नेमकं काय झालं?

1897 च्या मे महिन्यात कमुदी गावी पंधराएक नाडर मीनाक्षी-सुंदरेश्वराच्या देवळात शिरले. हे देऊळ रामनाडच्या राजाच्या, भास्कर सेतुपतींच्या अखत्यारीतलं. राजाने दावा लावला. खालच्या कोर्टाने नाडरांच्या विरोधात निकाल दिला, मद्रास उच्च न्यायालयाने तो उचलून धरला, आणि प्रकरण लंडनला प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे शेवटच्या अपिलाच्या कोर्टापर्यंत गेलं. तिथेही 1908 साली नाडर हरले.

मला या खटल्यातली कोंडी फार बोलकी वाटते. नाडर सांगत होते की आम्ही क्षत्रिय, तेव्हा शास्त्राने प्रवेश आमचाच. कोर्ट विचारत होतं की रूढी काय आहे. रूढी म्हणजे आजवर काय चालत आलं. आजवर नाडर बाहेर होते, म्हणून ते बाहेरच राहणार. वर चढू पाहणाऱ्या प्रत्येक जातीचा दावा ‘आमच्यावर आजवर अन्याय झाला’ असा असतो, आणि पुरावा म्हणून त्या अन्यायाचीच वहिवाट तिच्यापुढे ठेवली जाते. इंग्रजी कोर्टांनी जात मोडली असं आपण ऐकतो. इथे तरी त्यांनी जुनी शिवाशिव पक्क्या कागदावर आणली.

हाणामारी झाली ती ब्राह्मणांशी का?

नाही, आणि हा मुद्दा नीट समजून घेण्यासारखा आहे. शिवकाशीत लोकसंख्येत नाडर बहुसंख्य होते. तिथल्या शिवमंदिरात जाण्याचा त्यांनी हट्ट धरला तेव्हा विश्वस्तांनी, म्हणजे वेळ्ळाळ या वरच्या शेतकरी जातीच्या लोकांनी, देऊळ बंद केलं. 6 जून 1899 रोजी हजारोंच्या जमावाने गावावर हल्ला केला. त्या जमावात मरवर मोठ्या संख्येने होते. दंगल आसपासच्या तालुक्यांत पसरली आणि लष्कर आणावं लागलं.

मरवर ब्राह्मण तर नव्हतेच, वेळ्ळाळांइतकेही वरचे नव्हते. त्यांचा परंपरागत धंदा गावांची राखण, आणि राखणीबद्दल ते पैसे घेत. पेट्टै बांधून स्वतःची राखण स्वतः करणारा नाडर त्यांच्या पोटावर पाय देत होता, वर आता मानपानातही पुढे जाऊ पाहत होता. शिडीवर चढणाऱ्याच्या डोक्यावर पाय असतो तो लगेच वरच्या पायरीवरच्याचा. दहा पायऱ्या वर असलेला माणूस तटस्थ राहू शकतो, कधी कधी सहानुभूतीही दाखवतो.

हेच खाली आणखी एका पायरीवर दिसतं. याच रामनाडमध्ये 1930 साली मरवरांसारख्याच कळ्ळर जातीने आदि-द्रविडांवर, म्हणजे अस्पृश्य मानल्या गेलेल्यांवर आठ बंधनं लादली : सोन्याचे दागिने घालायचे नाहीत, पुरुषांनी गुडघ्याखाली वस्त्र नेसायचं नाही, वगैरे. पुढच्या वर्षी ती अकरा झाली. मोडणाऱ्यांच्या झोपड्या जाळल्या गेल्या.

जनगणनेचा याच्याशी काय संबंध?

1901 च्या जनगणनेत जनगणना आयुक्त रिस्ले यांनी जातींची सामाजिक प्रतिष्ठेनुसार क्रमवारी लावायचं ठरवलं. सरकारी दप्तरात आपली जात कुठे लागते हे मग देशभर प्रतिष्ठेचं झालं आणि अर्जांचा पाऊस पडला. जातिसभा निघाल्या, वंशावळी छापल्या गेल्या. नाडर महाजन संगम 1910 सालचा. सरकारी कागदांतून ‘शाणार’ जाऊन ‘नाडर’ आलं ते 1921 साली. देवळाचं दार उघडलं नाही, पण दप्तरातलं नाव बदलून मिळालं.

बायकांना यातून काय मिळालं?

बहुतेक ठिकाणी तोटाच. वरच्या जातीसारखं व्हायचं म्हणजे वरच्या जातीत बाईवर असलेली बंधनं घरी आणायची. महाराष्ट्रात हे स्वच्छ दिसतं. कुणबी घरांत विधवेचा पाट लागत असे, काडीमोडही होत असे. ज्यांनी शहाण्णव कुळी म्हणून मान सांगितला त्यांनी पाट बंद केला, बायकांना पडद्यात ठेवलं, शेतावर जायचं थांबवलं. घराचा मान वाढला, आणि त्या घरातल्या वीस वर्षांच्या विधवेची उरलेली चाळीस वर्षं माजघरात गेली.

त्रावणकोरची गोष्ट मात्र उलटी आहे, म्हणून सरसकट विधान करू नये. तिथे नाडर बायकांना वरच्या जातीच्या माणसांसमोर छाती झाकण्याची मुभा नव्हती. मिशनऱ्यांच्या संपर्कात ख्रिस्ती झालेल्या बायका जाकीट घालू लागल्या, मग नायर बायकांसारखं उपरणंही घेऊ लागल्या, आणि 1820 च्या दशकापासून त्यावरून मारामाऱ्या, जाळपोळ झाली. 26 जुलै 1859 रोजी महाराजांनी फर्मान काढलं. त्यानुसार नाडर बायकांनी ख्रिस्ती बायकांसारखं जाकीट घालायला हरकत नव्हती, किंवा कोळणींसारखं जाडंभरडं वस्त्र बांधलं तरी चालणार होतं. फक्त वरच्या जातीच्या बायकांसारखं नेसायचं नव्हतं. म्हणजे अंग झाकलं तर चालेल, पण ‘त्यांच्यासारखं’ नको. संस्कृतीकरणाला विरोध नक्की कशाला असतो ते या एका फर्मानात सापडतं.

अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींना हा मार्ग चालला का?

फार थोडा. श्रीनिवासांनीच म्हटलंय की अस्पृश्यतेची रेघ संस्कृतीकरणाने ओलांडता येत नाही. याचा चांगला पुरावा ओडिशातल्या बिसिपाडा गावाचा आहे. एफ. जी. बेली या मानववंशशास्त्रज्ञाने त्यावर 1957 साली लिहिलं. गावात दारू गाळणारी एक जात होती. इंग्रजांच्या अबकारी धोरणामुळे त्यांच्या हाती पैसा आला, त्यांनी जमिनी घेतल्या, मांस-मद्य सोडलं, आणि गावात त्यांचा दर्जा खरोखर वाढला. त्याच गावात पाण नावाची अस्पृश्य जात होती. त्यांच्यातल्या काहींनीही पैसा आणि जमीन मिळवली, मद्य-मांस सोडलं, देवळात जायचा प्रयत्न केला, तो अडवल्यावर स्वतःचं देऊळ बांधलं. दर्जा होता तिथेच राहिला. गाव तेच, काळ साधारण तोच, उपाय तोच. फरक रेघेच्या कोणत्या बाजूने सुरुवात केली एवढाच.

आग्र्याच्या जाटवांनी यातून धडा घेतला. बुटांच्या धंद्यात पैसा आला तेव्हा त्यांनीही आपण क्षत्रिय असल्याचं सांगितलं. स्वातंत्र्यानंतर मतपेटी आणि राखीव जागा हातात आल्यावर त्यांनी तो दावा टाकून दिला आणि आंबेडकरांच्या मागे बौद्ध धम्माकडे वळले.

मग महाडला बाबासाहेबांनी बायकांना लुगडं नीट नेसायला सांगितलं, ते संस्कृतीकरण नव्हतं का?

हा प्रश्न मला व्याख्यानांनंतर हटकून विचारला जातो, आणि तो चांगला आहे. डिसेंबर 1927 मध्ये महाडच्या परिषदेत त्यांनी बायकांना सांगितलं की गुडघ्यापर्यंत आखूड लुगडं आणि हातापायांत ओझ्यासारखे गोट-कडी या तुमच्या ओळखीच्या खुणा आहेत, त्या टाका. बायकांनी तिथल्या तिथे घोट्यापर्यंत लुगडं नेसून दाखवलं. मेलेल्या जनावराचं मांस सोडा, हेही त्याच वर्षी महाडला सांगितलं गेलं.

बाहेरून पाहिलं तर कृती तीच दिसते. फरक असा की संस्कृतीकरण करणारी जात ‘आम्ही वरचे, ते अजून खालचे’ असं म्हणते आणि शिडी शाबूत ठेवते. महाडला त्याच परिषदेत मनुस्मृती जाळली गेली. तिथे खूण पुसायची होती, दुसऱ्याची खूण लावून घ्यायची नव्हती. तरी त्या काळात दोन्ही प्रवाह शेजारी शेजारी वाहत होते, हे मान्य करायला हवं. 1930 ला नाशिकला काळारामाच्या दाराशी सत्याग्रह चाललाच. 1935 ला येवल्याला ‘हिंदू म्हणून मरणार नाही’ ही घोषणा झाली, तेव्हा मात्र दारावरची थाप कायमची थांबली.

महाराष्ट्रात सवर्णांच्या आतही असं घडलं का?

‘कुणबी माजला, मराठा झाला’ ही म्हण आपण ऐकतो. म्हण हिणवणारी आहे, पण तिच्यात निरीक्षण आहे : दोन नावांमधली वाट बंद नव्हती. वर राजाचंही अडत होतं. कोल्हापूरच्या शाहू महाराजांना पंचगंगेवर स्नानाच्या वेळी कळलं की भटजी त्यांच्यासाठी द्विजांचे वेदोक्त नाही, शूद्रांसाठीचे पुराणोक्त मंत्र म्हणतो. छत्रपतीला शूद्र ठरवण्याचा अधिकार त्याच्याच पगारी पुरोहिताकडे होता. महाराजांनी आधी वेदोक्ताचा हक्क मागितला. पुढे त्यांनी मराठा पुरोहित तयार केले, स्वतंत्र क्षात्रजगद्गुरू नेमला. पण त्याच काळात, 26 जुलै 1902 रोजी, त्यांनी मागासलेल्यांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवण्याचा आदेश काढला. मंत्र मिळवून फक्त घराण्याचा मान राहणार होता. जागांमुळे रयतेला नोकरी मिळणार होती. दोन्ही कामं एकाच माणसाने केली, हे विसरू नये.

एक जात वर गेली तर जातिव्यवस्था सैल होत नाही का?

श्रीनिवासांचं उत्तर असं की जागा बदलते, रचना बदलत नाही. रांगेतला एक जण दोन पावलं पुढे सरकला म्हणजे रांग मोडली असं होत नाही. उलट, पुढे सरकणारा आपल्या मागच्याला आणखी कडकपणे अडवतो, कारण त्याला आपलं नवं अंतर सिद्ध करायचं असतं. रामनाडच्या व्यापारी नाडरांनी ताडावर चढणाऱ्या आपल्याच भाईबंदांपासूनही अंतर ठेवलं होतं.

नाडरांनी जानवं नंतर का काढलं?

कारण हिशेब बदलला. 1920 च्या दशकात पेरियार रामस्वामींची, जात आणि भटजी दोन्ही नाकारणारी स्वाभिमान चळवळ आली. तिची पहिली प्रांतिक परिषद 1929 साली चेंगलपट्टुला भरली, तेव्हा अध्यक्षस्थानी होते डब्ल्यू. पी. ए. सौंदरपांडियन नाडर. बापाने खटपट करून मिळवलेलं जानवं मुलगा काढून ठेवत होता. भटजीशिवाय लग्नं लागू लागली. त्याच दशकात शिवकाशीत आगपेट्यांचे कारखाने उभे राहत होते. विरुदुनगरचे कामराज 1954 ला मद्रासचे मुख्यमंत्री झाले आणि 1963 पर्यंत राहिले. क्षत्रिय म्हणवून घेण्यासाठी झटलेला हा समाज आज तमिळनाडूत मागासवर्गीयांच्या यादीत आहे. ज्यांना हे विसंगत वाटतं त्यांनी एवढं लक्षात घ्यावं की दोन्ही वेळा त्या काळच्या दप्तरात जे नाव फायद्याचं होतं तेच मागितलं गेलं.

आणि देवळाचं दार उघडलं का?

उघडलं, पण क्षत्रिय म्हणून नव्हे. 8 जुलै 1939 रोजी मदुरैच्या मीनाक्षी मंदिरात काँग्रेसचे कार्यकर्ते ए. वैद्यनाथ अय्यर सहा जणांना घेऊन आत गेले. त्यांत पाच जण दलित होते आणि सहावा विरुदुनगरचा एक नाडर.